टाकीची मोटार सुरू होत नाही? नवीन कार्डाआधी एक रुपयाचा रेझिस्टर तपासा

वसई-विरारमध्ये पाणी दोन टप्प्यांत चढतं. सूर्या, उसगाव किंवा पेल्हारचं पाणी आलं की खालच्या टाकीत साठवायचं, कमी पडलं की टँकर मागवायचा, आणि मग मोटार लावून गच्चीवरच्या टाकीत न्यायचं. त्यामुळे मोटार आपोआप चालू-बंद करणारं लेव्हल कंट्रोलरचं कार्ड अनेक इमारतींच्या मीटर रूममध्ये दिसतं. ते बिघडलं की ‘कार्ड गेलं, नवीन घ्या’ असा सल्ला लगेच मिळतो. साधा तयार कंट्रोलर साधारण 800 ते 2000 रुपयांना मिळतो आणि बसवण्याची मजुरी वेगळी. पण कार्डावरचा दिवा लागतो, रिलेचा ‘टिक’ आवाज मात्र येत नाही, अशी तक्रार असेल तर खर्च करण्यापूर्वी पुढची तपासणी करून घ्यावी.

नालासोपाऱ्यातल्या एका चार मजली इमारतीचं कार्ड मी पाहिलं होतं. त्यावरचा बीसी547 ट्रान्झिस्टर जळाला होता. मेकॅनिकने त्याच नंबरचा दुसरा लावला, तरी रिले ओढेना. मग रिले बदलला. तरीही तेच. शेवटी कार्डच टाकून द्यायचं ठरलं. त्याआधी मोटारीची वायर पूर्ण सोडवून कार्डाला फक्त 12 व्होल्टचा अडॅप्टर जोडला आणि मल्टिमीटर लावला, तर रिलेच्या कॉइलवर साडेसहा व्होल्ट आणि ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर-एमिटरमध्ये जवळजवळ साडेपाच व्होल्ट. दोष इथेच उघडा पडला. चालू स्थितीत स्विचवर व्होल्टेज उरताच कामा नये. ट्रान्झिस्टर पूर्ण उघडलेलाच नव्हता.

याचं कारण बेसच्या रेझिस्टरमध्ये होतं. कार्डावरची चिप 5 व्होल्टचा इशारा देत होती आणि मधे 47 किलोओहमचा रेझिस्टर होता. ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरमध्ये सुमारे 0.7 व्होल्ट जातात, उरले 4.3. म्हणजे बेसला जेमतेम 0.09 मिलिअँपिअर. दुसरीकडे रिलेच्या कॉइलचा रेझिस्टन्स 400 ओहम, म्हणून 12 व्होल्टवर तिला 30 मिलिअँपिअर हवेत. ट्रान्झिस्टरने बेसचा करंट साधारण 330 पट केला तरच हा हिशेब जमतो.

बीसी547 ए, बी आणि सी अशा तीन प्रकारांत येतो. डेटाशीटप्रमाणे ‘ए’चा गेन 110 ते 220 आणि ‘सी’चा 420 ते 800. मूळ कार्डात ‘सी’ होता, म्हणून ते काही वर्षं चाललं. दुरुस्तीत ‘ए’ लागला. नंबर तोच, अंगावरचं शेवटचं अक्षर वेगळं. त्याचा गेन 180 धरला तर रिलेला साडेसोळा मिलिअँपिअर मिळतात, म्हणजे साडेसहा व्होल्ट. 12 व्होल्टच्या रिलेला ओढण्याची हमी सर्वसाधारणपणे 9 व्होल्टपासून पुढे असते. त्यामुळे नवा रिलेही गप्प राहिला, आणि त्यात त्या रिलेचा काही दोष नव्हता.

म्हणून स्विचचं गणित गेनवर बेतायचंच नाही. रिलेला जेवढा करंट लागतो त्याचा दहावा भाग बेसला द्यायचा. मग ए असो वा सी, ट्रान्झिस्टर पूर्ण उघडतो; यालाच सॅच्युरेशन म्हणतात. 30 मिलिअँपिअरच्या रिलेसाठी बेसला 3 मिलिअँपिअर:

```
Rb = (5 - 0.7) / 0.003 = 1433 ohm
```

बाजारात याच्या जवळचा 1.5 किलोओहमचा रेझिस्टर मिळतो; तपकिरी, हिरवा, लाल असे पट्टे. तो लावल्यावर कलेक्टर-एमिटरमध्ये 0.1 ते 0.2 व्होल्ट उरले आणि रिलेने खणखणीत ओढलं. कार्डावर ईएसपी 8266 सारखी 3.3 व्होल्टची चिप असेल तर त्याच रिलेला 820 ओहम लावावा. जाणूनबुजून फारच कमी रेझिस्टर लावणंही बरोबर नाही, कारण तो सगळा करंट चिपच्या पायातून येतो. ईएसपी 8266च्या एका पायाची मर्यादा 12 मिलिअँपिअर आहे.

आता खर्च. रेझिस्टर एक रुपयाच्या आत-बाहेर, बीसी547 दोन-तीन रुपये, डायोड दोन रुपये, छोटा 12 व्होल्टचा रिले 20 ते 40 रुपये. हे साधारण किरकोळ भाव आहेत, दुकानागणिक फरक पडतो. घरी येऊन तपासण्याचे 200 ते 400 रुपये आणि वर सोल्डरिंगची मजुरी धरली, तरी पाच-सहाशेच्या पुढे बिल गेलं तर कारण विचारावं. एवढ्या किरकोळ वस्तूंसाठी लॅमिंग्टन रोड गाठण्यात अर्थ नाही. सोसायटीसाठी दोन-तीन संच एकदम करून ठेवायचे असतील तरच जावं. विरार फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही, आणि बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात.

रेझिस्टर बदलताना डायोडकडे लक्ष हवंच, कारण पहिला ट्रान्झिस्टर बहुधा त्याच्यामुळे जळलेला असतो. रिले बंद होताना कॉइल उलट दिशेने मोठा व्होल्टेजचा झटका देते. बीसी547 साधारण 45 व्होल्टपर्यंतच टिकतो. कॉइलच्या दोन टोकांना 1एन4007 डायोड आडवा असायला हवा, त्याचा पांढरा पट्टा 12 व्होल्टच्या बाजूला. तो तुटलेला असेल तर नवा ट्रान्झिस्टरही काही दिवसांत जाईल.

या उपायाला मर्यादा आहे. छोट्या रिलेवर 10 अँपिअर लिहिलेलं असतं, पण ते हिटरसारख्या साध्या लोडसाठी. एक हॉर्सपॉवरची मोटार सुरू होताना तिच्या नेहमीच्या करंटच्या कित्येक पट ओढते, आणि ठिणग्यांनी रिलेचे काँटॅक्ट एकमेकांना चिकटतात. मग मोटार थांबतच नाही, टाकी ओसंडते. मोटार या रिलेवर थेट चालवू नये. रिलेने काँटॅक्टर किंवा स्टार्टर ओढावा आणि मोटारीचा भार त्याने घ्यावा. छोट्या रिलेऐवजी 30 अँपिअरचा लावायचा झाला तर त्याच्या कॉइलला 12 व्होल्टवर 75-80 मिलिअँपिअर लागतात. बीसी547ची हद्द 100 आहे, म्हणजे तो काठावर येतो. तिथे बीसी337 घ्यावा आणि 5 व्होल्टच्या चिपसाठी बेसला 560 ओहम. फक्त रिले बदलून जुनाच रेझिस्टर ठेवला, तर नालासोपाऱ्यातला तोच प्रकार पुन्हा घडतो.

‘मोटार चालू’ दाखवणाऱ्या एलईडीला वेगळा ट्रान्झिस्टर असेल तर 10 मिलिअँपिअर पुरतात. 12 व्होल्टवर एलईडीसोबत 1 किलोओहम आणि बेसला 4.7 किलोओहम, एवढंच. एलईडी मात्र फसवतो: अर्धवट उघडलेल्या ट्रान्झिस्टरवरही तो थोडा मंद का होईना लागतोच. त्यामुळे दिवा लागला म्हणजे रिलेचा भाग ठीक आहे असं धरू नये.

दुरुस्ती संपल्यावर मेकॅनिकला दोन आकडे दाखवायला सांगा: रिले ओढलेला असताना कलेक्टर-एमिटरमधले व्होल्ट आणि कॉइलवरचे व्होल्ट. पहिला 0.3च्या आत आणि दुसरा 12च्या जवळ हवा. पहिला आकडा एकच्या वर असेल तर बेसचा रेझिस्टर अजून मोठा आहे. पहिला ठीक आणि कॉइलवर मात्र 9च्या खाली, तर अडॅप्टर ढासळतोय. नवा साधारण 150 ते 250 रुपयांना मिळतो. दोन्ही आकडे ठीक असून मोटार चालत नसेल तर बिघाड रिलेच्या काँटॅक्टमध्ये किंवा पुढे स्टार्टरमध्ये आहे. तिथे 230 व्होल्ट असतात, म्हणून मुख्य स्विच पाडल्याशिवाय कोणालाही हात लावू देऊ नये.