ऑइल अ‍ॅडिटिव्ह आणि बाईकचा क्लच

प्रश्न : १०० सीसीच्या बाईकमध्ये ऑइल अ‍ॅडिटिव्ह आणि पेट्रोल क्लीनर टाकावे का?

उत्तर : अशा बाईकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये चालतात. घर्षण कमी करणारे अ‍ॅडिटिव्ह त्यामुळे क्लचप्लेटपर्यंतही पोचते आणि प्लेटा घसरू शकतात. चढावर इंजिनाची रेस वाढते पण वेग वाढत नाही, ही त्याची खूण. मॅन्युअलमधल्या ग्रेडचे, डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ छापलेले ऑइल वेळेवर बदलले की पुरते. लागणारी रसायने त्यात मिसळलेलीच असतात.

पेट्रोल क्लीनरचा उपयोग मर्यादित. इंजेक्टरवरचा थोडा थर तो काढू शकतो. पण अनेक महिने उभ्या असलेल्या जुन्या बाईकच्या कार्ब्युरेटरचा जेट पूर्ण बुजला असेल, तर त्यातून पेट्रोलच जात नाही, मग क्लीनर कुठून जाणार? तिथे कार्ब्युरेटर खोलूनच जेट साफ करावा लागतो.