चक्रीवादळाची उत्पत्ती आणि क्षय

3 जून 2020 रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरहून अधिक होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते ‘चक्रीवादळ’ या संज्ञेसही पात्र उरले नव्हते. एवढी शक्ती इतक्या लवकर कशी ओसरली? याचे उत्तर त्याच्या उत्पत्तीतच सापडते.

समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे 26.5 अंश सेल्सिअसहून अधिक असले, की तेथून विपुल बाष्प वर जाते. उंचावर ते थंड होऊन त्याचे ढग बनतात आणि बाष्पात साठलेली सुप्त उष्णता मुक्त होते. तिने हवा तापते, खालचा दाब घटतो आणि चोहोंकडून दमट वारे केंद्राकडे धावतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात ते उजवीकडे वळतात व केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागतात. वारा वाढला की बाष्पीभवनही वाढते. अशा रीतीने वादळ आपले इंधन आपणच ओढून घेते.

जमिनीवर हा पुरवठा तुटतो. झाडे, घरे व डोंगर यांच्या घर्षणाने वारा मंदावतो हे खरे. परंतु ते दुय्यम कारण होय. बाष्प आटल्याने उष्णता मिळेनाशी होते आणि केंद्रातील दाब पुन्हा वाढू लागतो, हे मुख्य कारण. तथापि वारा ओसरला म्हणजे पाऊस संपला, असे आपण समजू नये. ढगांत उरलेले बाष्प किनाऱ्यापासून दूरवरही मुसळधार बरसू शकते.