घरपट्टीचं बिल वहीत उतरवताना

अगं, काल रात्री तू व्हॉट्सॲपवर घरपट्टीच्या बिलाचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "ताई, यातला नेमका कुठला आकडा लिहू?" फोनवर घाईत काहीतरी सांगण्यापेक्षा म्हटलं नीट लिहूनच काढावं. सासरे होते तोवर हे सगळं ते बघत. आता घराच्या कागदांची पिशवी तुझ्या हातात आली आहे, तेव्हा पहिल्याच वर्षी नीट बसवून घेतलंस तर पुढे दरवर्षी दहा मिनिटांचं काम राहील.

आधी फोटोचं बोलू. तू पाठवलेल्यात कागदाची घडी नेमकी रकमांच्या तक्त्यावरून गेली आहे आणि तुझ्या हाताची सावली 'शास्ती'च्या रकान्यावर पडली आहे. शिवाय व्हॉट्सॲप फोटो बारीक करून पाठवतं, त्यामुळे मोठा करून बघायला गेलं की आकडे विरघळतात. बिल टेबलावर सपाट पसर, घडी तळहाताने दाबून सरळ कर, खिडकीपाशी दिवसाउजेडी अगदी वरून फोटो घे. एक पूर्ण कागदाचा, एक फक्त तक्त्याचा जवळून, आणि एक मागच्या बाजूचा, कारण सवलतीच्या अटी बऱ्याचदा मागेच छापलेल्या असतात. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव, मग तो आहे तसा पोचतो. आणि फोनमधून मजकूर उचलून वहीत चिकटवायचा मोह होईल, पण तक्त्याच्या बाबतीत तो टाळ. मजकूर उचलताना रकाने मोडतात आणि थकबाकीचा आकडा चालू मागणीच्या शेजारी जाऊन बसतो. आकडे फार तर आठ-दहा असतात, ते बघून हातानेच लिही.

आता तुझ्या बिलावरचा सगळ्यात मोठा आकडा, २१,६००. तू घाबरून विचारलंस, "एवढा कर?" नाही गं. शेजारी नीट वाच, 'वार्षिक करयोग्य मूल्य' लिहिलंय. हे भरायचे पैसे नव्हेत, ज्यावर कर बसतो तो पाया आहे. तुमच्या घराचं वाजवी भाडं महिन्याला २,००० धरलं आहे, म्हणजे वर्षाचे २४,०००. त्यातून दुरुस्तीसाठी कायद्याने १० टक्के वजा होतात, २,४००. उरले २१,६००. या रकमेवर सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशामक कर, वृक्ष कर, शिक्षण कर अशा प्रत्येकाचे वेगळे टक्के लागतात. तुझ्या बिलावर ते सगळे मिळून ३८ टक्के भरतात, म्हणून वर्षाची चालू मागणी ८,२०८ आली. (मुंबईत २०१० पासून भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर कर बसतो, त्यामुळे तुझ्या नणंदेच्या बिलाशी तुझं बिल ताडून बघू नकोस, दोघींचा गोंधळ होईल.)

भरायचा नसला तरी हा पायाचा आकडा वहीत दरवर्षी लिहायचाच. याचं कारण मी जरा जोर देऊन सांगते. कराचा दर साऱ्या शहरासाठी बदलतो, पण करयोग्य मूल्य फक्त तुमच्या घराचं असतं. पुढच्या वर्षी बिल फुगलं तर पहिल्यांदा हाच रकाना बघ. तो आकडा तसाच असेल तर वाढ दरातली आहे किंवा थकबाकीची आहे. तोच वाढला असेल तर तुमच्या घराची आकारणी बदलली आहे: वाढीव बांधकामाची नोंद झाली असेल, वापर बदललेला दाखवला असेल, किंवा स्वतः राहता म्हणून काही सवलत मिळत असेल ती निघाली असेल. अशा वाढीची नोटीस येते आणि हरकत नोटिशीतल्या मुदतीतच घ्यावी लागते. मागच्या वर्षीचा आकडा वहीत नसेल, तर वाढ झाली हेच कुणाच्या लक्षात येत नाही.

थकबाकीचं मात्र सावकाश समजून घे, मी इथेच एकदा फसले आहे. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी वहीत एकच ओळ लिहिली होती, 'घरपट्टी एकूण' आणि पुढे रक्कम. पुढच्या बिलात थकबाकी छापून आली. ती आधीच्याच वर्षातली राहिलेली होती की आम्ही भरलेली असून वळती झाली नव्हती, हे त्या एका ओळीवरून कळायला मार्ग नव्हता. ह्यांनी रजा काढली, जुन्या पावत्या शोधल्या, कार्यालयात दोन खेपा घातल्या. शेवटी निघालं ते असं की बिल छापलं गेलं आमच्या भरण्याच्या आधी, आणि हातात पडलं भरल्यानंतर. भरलेले पैसे जागच्या जागी होते. आकडा खरा होता, फक्त जुन्या तारखेचा.

म्हणून थकबाकी कधी सुटी लिहू नकोस, तिच्याबरोबर बिलाची तारीख लिही. आणि मूळ थकबाकी व शास्ती वेगवेगळ्या लिही. तुझ्या बिलावर मागील थकबाकी ४,१०४ आहे. हे वर्षाच्या ८,२०८ चे बरोबर अर्धे, म्हणजे मागच्या वर्षाची दुसरी सहामाही राहिली आहे. सासऱ्यांच्या आजारपणात ती राहून गेली असणार. महानगरपालिका अधिनियमात न भरलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती आहे. ४,१०४ चे २ टक्के म्हणजे ८२ रुपये आणि काही पैसे. दुसऱ्या सहामाहीची शेवटची तारीख ३१ डिसेंबर होती, म्हणून जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे तीन महिने मिळून २४६. मूळ रक्कम पाच वर्षं पडून राहिली तरी ४,१०४ च राहील, शास्ती मात्र दर महिन्याला ८२ ने चढेल. दोन्ही एकत्र लिहिलंस तर कुठला आकडा का वाढला ते तुलाच सांगता येणार नाही.

मग आता पडताळा. तू मला काल शास्ती २४३ लिहून पाठवलीस. मी बेरीज केली: ४,१०४ अधिक २४३ अधिक ८,२०८, झाले १२,५५५. बिलावर छापील एकूण १२,५५८. फरक ३ चा. तेव्हाच मला कळलं की सावलीत ६ तुला ३ दिसला आहे. पुसट छपाईत देवनागरी ३ आणि ६ फसवतात, १ आणि ९ सुद्धा. शास्ती २४६ घेतली की बेरीज जुळते. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला, तर बहुधा दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असते: ४,१०४ च्या जागी ४,०१४ लिहिलं की ९० चा फरक पडतो. जुने हिशेबनीस चूक शोधताना हेच बघायचे. बेरीज जुळल्याशिवाय वहीतली ओळ शाईने लिहू नकोस, पेन्सिलनेच ठेव.

भाऊजी मोबाइलवरच्या शीटमध्ये ठेवायचं म्हणत असतील तर तेही चांगलं. डी मध्ये मागील थकबाकी, ई मध्ये शास्ती, एफ आणि जी मध्ये दोन सहामाह्यांचा चालू कर, एच मध्ये बिलावरची छापील एकूण रक्कम ठेवा, आणि शेजारच्या घरात हे लिहा:

```
=D2+E2+F2+G2-H2
```

उत्तर शून्य आलं की वाचन बरोबर. आकडे मात्र इंग्रजी अंकांत भरा, देवनागरी अंक शीट बहुधा मजकूर समजते आणि बेरीज करत नाही.

राहिल्या तारखा. तू 'शेवटची तारीख' म्हणून जी लिहिलीस, ती बिल तयार झाल्याची तारीख आहे, १५ एप्रिल. ती वरच्या कोपऱ्यात ठळक असते म्हणून डोळ्यांत भरते. भरण्याच्या तारखा खाली बारीक अक्षरात आहेत आणि त्या तीन आहेत: सवलतीसाठी ३१ मे, पहिल्या सहामाहीसाठी ३० जून, दुसरीसाठी ३१ डिसेंबर. या तारखा गावोगावी वेगळ्या असतात, कधी मुदतवाढही मिळते, म्हणून शेजारणीच्या सांगण्यावर जाऊ नकोस. लिहिताना महिना अक्षरात लिही. ०५/०६ म्हणजे पाच जून, पण शीटची मांडणी परदेशी असली तर ती सहा मे समजते, आणि आठवण महिनाभर आधीच वाजते.

सवलतीचंही एक बघून ठेव. तुझ्या बिलाच्या मागे ५ टक्के लिहिलंय, पण ते फक्त सर्वसाधारण करावर, अख्ख्या मागणीवर नाही. तुझा सर्वसाधारण कर ४,३२०, त्याचे ५ टक्के २१६. आणि अट अशी की थकबाकीसह वर्षाचा सगळा कर एकदम भरायचा. आता मे महिन्यात भरायला गेलीस तर एप्रिल आणि मेची शास्ती साधारण १६४ चढलेली असेल. म्हणजे १२,५५८ अधिक १६४ वजा २१६, साधारण १२,५०६. खिडकीवर किंवा ऑनलाइन आकडा असा थोडा निराळा दिसला की दचकू नकोस. तोच वहीत 'प्रत्यक्ष भरले' म्हणून वेगळ्या रकान्यात लिही, भरल्याची तारीख आणि पावती क्रमांकासह. छापील १२,५५८ खोडू नकोस, पुढच्या वर्षी थकबाकी ताडायला तो लागणार आहे.

आणि पैसे भरण्याआधी मिळकत क्रमांक बिलावरून एकेक अंक बोट ठेवून वाच, फोटोवरून नाही. भाऊजींना मोठ्याने वाचायला लाव आणि तू खुणा कर. एक अंक चुकला तर पैसे दुसऱ्याच्या घराच्या नावावर जमा होतात आणि आपली थकबाकी तशीच उभी राहते.

आज संध्याकाळी दिवे लागायच्या आत पुन्हा फोटो काढून पाठव. ३१ मे शनिवारी आहे, तेव्हा तू शुक्रवारपर्यंत भरून मोकळी हो.