जोड दिसता कामा नये

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाई सांगलीत शिरली तेव्हा आमच्या आजीची लोखंडी ट्रंक दोन दिवस पाण्यात होती. लुगडी वाळली, भांडी घासून निघाली, पण फोटो एकमेकांना चिकटून बसले. त्यातलाच एक आजी-आजोबांचा. लग्नानंतर काही महिन्यांनी, १९७१ साली साताऱ्याला चार भिंतींपाशी काढलेला. दोघं एकत्र असलेला तेवढा एकच फोटो. सोडवताना वरचा थर तीन ठिकाणी निघाला. आकाशात एक मोठं भगदाड पडलं, आजोबांच्या कोटाच्या खांद्यावर एक पट्टा उडाला आणि त्यांच्या उजव्या हातावर एक धुरकट डाग उमटला.

गेल्या पीएलमध्ये (अभ्यास सोडून सगळं सुचतं तो काळ!) मी तो दुरुस्त करायला घेतला. फोटो साडेतीन बाय पाच इंचाचा. ६०० डीपीआयला स्कॅन केल्यावर २१०० बाय ३००० पिक्सेल मिळाले. रूममेटच्या गेमिंगच्या कार्डावर स्टेबल डिफ्यूजनचं इनपेंटिंग मॉडेल चालवलं. आपण मास्क रंगवायचा, तेवढाच भाग मॉडेल नव्याने भरून देतं. अर्ध्या तासात तिन्ही जागा भरल्या आणि मी खूष! पण प्रिंट काढली तर तीन ठिगळं लांबूनही मोजता येत होती.

का दिसत होती? ह्या एका प्रश्नावर माझे आठ दिवस गेले. जोड दिसण्याची कारणं तीन असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर दुखणं वाढतं.

पहिलं कारण : मास्कची कड

आकाशाचा मूळ करडेपणा १८२ होता, मॉडेलने भरलेला १७० आला. १२ पायऱ्यांचा फरक. हा फरक एकाच पिक्सेलमध्ये झाला तर डोळ्याला सरळ रेघ दिसते. तोच ५० पिक्सेलांवर पसरला तर दर पिक्सेलला पाव पायरीही पडत नाही आणि डोळा फसतो. मास्कची कड अशी मऊ करणं म्हणजेच फेदरिंग. मास्कची किंमत m धरली तर प्रत्येक पिक्सेलसाठी हिशोब एवढाच :

```
out = m*new + (1-m)*old
```

मग मी काय केलं? `Mask blur` चा आकडा ४ वरून एकदम ४० वर नेला. रेघ गेली, पण भगदाडाच्या कडेने पांढरट कडं परत आलं! कारण वरच्या सूत्रातच आहे. डागाच्या कडेवर m जर ०.५ असेल, तर तिथे निम्मा डाग परत मिसळतो. कड मऊ करायची तर मास्क आधी वाढवावा लागतो. माझा नियम असा ठरला : ब्लरचा सिग्मा s असेल, तर मास्क आधी ३s पिक्सेल फुगवायचा आणि मग ब्लर करायचा. म्हणजे डागावर सगळीकडे m जवळजवळ १ राहतो आणि सगळी उतरण डागाबाहेरच्या चांगल्या भागात होते. ही उतरण डागापासून साधारण ६s पिक्सेलपर्यंत जाते, म्हणून मॉडेलकडून भरून घेताना तेवढा मोठा भाग भरून घ्यायचा. मी तिथे `Mask blur` शून्य ठेवला आणि मिसळण्याचं काम पुढे स्वतः केलं.

आकाशाला मी s = १० घेतला. कोटाला तो चालला नाही, कारण कोटाची कड आणि मागची दगडी भिंत एकमेकांत मिसळून खांद्याला दोन-दोन कडा दिसू लागल्या. जिथे ठळक रेघ आहे तिथे रुंद फेदर म्हणजे भूत! तिथे s = ३ घेतला आणि मास्कची हद्द शक्य तितकी कोटाच्या सपाट काळ्या भागात ओढली.

दुसरं कारण : डिनॉइझिंग स्ट्रेंग्थ

`Denoising strength` म्हणजे मॉडेलने खालचं चित्र किती विसरायचं. १ ठेवलं तर तो भाग पूर्ण गोंगाटातून नव्याने घडतो. ०.३ ठेवलं तर थोडाच गोंगाट मिसळला जातो, त्यामुळे खालची ठेवण टिकते. मी वापरलेल्या वेब यूआयमध्ये मुळातलं सेटिंग ०.७५ असतं आणि मी ते तसंच ठेवलं होतं. त्यामुळे भिंतीचे नवे दगड छान आले, पण त्यांचे सांधे शेजारच्या जुन्या सांध्यांना जुळेनात. असा जोड फेदरने जात नाही, कारण इथे चूक कडेची नाही, आतल्या मजकुराची आहे.

मग स्ट्रेंग्थ कमी करावी, तर मॉडेल डागालाच खरा समजून जपून ठेवतं! ह्यातून वाट अशी निघाली. आधी गिंपमधल्या क्लोन ब्रशने शेजारचा भाग उचलून डागावर ओबडधोबड लावायचा. दगडाचे सांधे, कोटाची घडी, एवढं जुळलं की पुरे. मग `Masked content` मध्ये `original` निवडून मध्यम स्ट्रेंग्थ द्यायची. जुळणी आपली, सफाई मॉडेलची. `Seed` एकच ठेवून ०.३, ०.४, ०.५, ०.६ अशा चार प्रती काढल्या आणि जिथे क्लोनचे ओरखडे गेले पण सांधे हलले नाहीत, ती ठेवली. भिंत आणि कोटासाठी ०.४ आणि ०.५ च्या मधली ०.४५ ठरली. आकाशात जुळवायचं काही नव्हतं, तिथे ०.६ चालली. तुमच्या फोटोला हेच आकडे लागतील असं नाही, पण चार प्रतींची रांग मात्र जरूर काढा.

इथेच एक उपखोट लक्षात आली. `Only masked` निवडलं की मास्कभोवतीचा तुकडा कापून ठरलेल्या मापावर नेला जातो आणि भरून झाल्यावर परत मूळ मापाला आणून चिकटवला जातो. माझं माप ५१२ आणि आकाशाचा तुकडा ९०० पिक्सेलांचा. म्हणजे परत येताना तो ताणला जाऊन मऊ पडत होता. तुकडा ५१२ च्या आत बसेल असे दोन भाग केले, तेव्हा ते थांबलं.

तिसरं कारण : ग्रेन

आता रेघ नाही, सांधे जुळलेले. तरीही आकाशात तेलाचा थेंब पडावा तशी एक गुळगुळीत जागा दिसत होती. जुन्या कृष्णधवल फोटोला चांदीच्या कणांची आणि कागदाची बारीक रवाळी असते. मॉडेलने भरलेला भाग त्यामानाने घोटल्यासारखा येतो.

रवाळी मोजता येते. सपाट आकाशाचा ६४ बाय ६४ चा तुकडा घ्यायचा, त्यातून त्याचीच ब्लर केलेली प्रत वजा करायची आणि उरलेल्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढायचं. माझ्या मूळ आकाशात ते ५.० आलं, भरलेल्या भागात १.४. म्हणजे मुद्दाम रवाळी घालायला हवी. पण नुसता रँडम नॉइज घातला तर वाळू शिंपडल्यासारखं दिसतं, कारण त्यात प्रत्येक पिक्सेल सुटा असतो. स्कॅनमध्ये मात्र एक कण दोन-तीन पिक्सेल व्यापतो. म्हणून नॉइज आधी थोडा ब्लर करायचा आणि मग त्याचं डेव्हिएशन पुन्हा मोजलेल्या आकड्यावर आणायचं.

आणखी एक गंमत, जिच्यात माझे दोन दिवस गेले. फेदरच्या पट्ट्यात जुना भाग (1−m) पटीने उरतो, म्हणजे त्याची रवाळीही तेवढीच उरते. m = ०.५ असेल तिथे निम्मी रवाळी गेली. सगळीकडे सारखा नॉइज घातला तर हा पट्टा शेजारच्यापेक्षा जास्त खरखरीत होतो, m च्या पटीत घातला तर गुळगुळीत राहतो. गोंगाटाचे वर्ग बेरजेत येतात हे सिग्नल्सच्या पेपरात आपण लिहितोच! म्हणून हवी असलेली पट √(1−(1−m)²). मध्यावर ती ०.८७ येते, ०.५ नव्हे.

```python
k = cv2.getStructuringElement(
    cv2.MORPH_ELLIPSE, (6*s+1, 6*s+1))
m = cv2.dilate(damage, k) / 255.0
m = cv2.GaussianBlur(m, (0, 0), s)
out = m*new + (1-m)*old
n = np.random.randn(*old.shape)
n = cv2.GaussianBlur(n, (0, 0), 1.0)
n *= 5.0 / n.std()
out += n * np.sqrt(1 - (1-m)**2)
out = np.clip(out, 0, 255)
```

इथे `damage` हा डागाचा काळा-पांढरा मास्क, `old` आणि `new` ह्या फ्लोटमध्ये घेतलेल्या करड्या प्रती. कोटाच्या गडद भागात रवाळी कमी भरली, २.१, म्हणून तिथे ५.० ऐवजी तो आकडा घातला. रवाळी अगदी शेवटी घालायची. त्यानंतर फोटोचं माप बदललं की कणांचं मापही बदलतं. आणि मधल्या सगळ्या प्रती पीएनजीमध्येच ठेवायच्या, कारण जेपेग रवाळी खातो.

ओळखायचं कसं?

फोटो २५ टक्क्यांवर बघा. तिथे ठिगळ दिसलं तर दोष टोनचा, म्हणजे फेदर किंवा स्ट्रेंग्थचा. तिथे ठीक पण १०० टक्क्यांवर दिसलं तर दोष रवाळीचा. शंका उरली तर ब्लर वजा केलेली प्रत उजळ करून बघा. रवाळी चुकलेली जागा तिच्यात डबक्यासारखी उघडी पडते.

आता राहिला हात. डाग धुरकट होता, खालचा हात पुसट दिसत होता. पहिल्या फेरीत ०.७५ ला मॉडेलने फार देखणा हात करून दिला होता. रवाळी जुळवली, जोड अजिबात दिसेना. सांगलीला जाऊन आजीला प्रिंट दाखवली. तिने चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "बाळा, हा हात ह्यांचा नव्हे."

आजोबांच्या उजव्या हाताच्या करंगळीचं टोक नव्हतं. लहानपणी गुऱ्हाळावर चरकात सापडलेलं. आम्हा नातवंडांना ते माहीतच नव्हतं, मॉडेलला कुठून असणार? स्कॅन मोठा करून बघितला तर डागाखाली ती आखूड करंगळी पुसट का होईना, होती. मी ती पुसून नवी लावली होती.

हाताचं सगळं काम टाकून दिलं. तिथे मॉडेल लावलंच नाही. फक्त डागाच्या भागाचा कॉन्ट्रास्ट s = ३ च्या फेदरने वाढवला आणि डागाने झाकलेली रवाळी थोडी घातली. हात अजूनही जरा धूसर आहे आणि जवळून बघितलं तर डागाची कड कळते. आजीने हीच प्रिंट फ्रेम करून घेतली. मूळ स्कॅन मी वेगळा ठेवला आहे आणि फ्रेमच्या मागे पेन्सिलीने लिहिलं आहे : आकाश, भिंत आणि डावा खांदा नव्याने भरलेला; हात मूळचा.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी