वळतीची नोंद आधी शोध

बाबू, दुकानाच्या उधार विक्रीच्या वहीतली ऑगस्ट-सप्टेंबरची पाने वाळवीने खाल्ली, आता त्या दोन महिन्यांची उधारी कशी काढू, असे तू विचारलेस. पाने परत येणार नाहीत. आकडा मात्र काढता येतो. आपल्या इब्रामपुरात तो काढताना एक जागा फसवी आहे. शहरातल्या दुकानदाराला तिची फारशी गरज पडत नाही, म्हणून हिशेबाच्या पुस्तकांत ती एका ओळीत उरकतात. मी ती तुला सविस्तर सांगतो.

आधी पद्धत समजून घे. प्रत्येक गिऱ्हाइकाचे खाते वेगळे असते. सगळ्या गिऱ्हाइकांचे मिळून एकच खाते आहे असे धरून कागदावर एक पान आखायचे. हेच येणेकऱ्यांचे एकूण खाते, परीक्षेच्या पुस्तकात ज्याला ऋणको नियंत्रण खाते म्हणतात ते. येणे वाढवणारे सगळे नावे बाजूला लिहायचे आणि येणे कमी करणारे सगळे जमा बाजूला. दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात. त्यातला एकच आकडा ठाऊक नसेल तर तो उरलेल्या आकड्यांतून निघतो. तुला ठाऊक नसलेला आकडा उधार विक्रीचा आहे.

सोपे जावे म्हणून गोल आकडे घेतो. एक एप्रिलला गावात येणे होते ८४,००० रुपये. वर्षभरात उधारीपोटी रोख आणि यूपीआयने मिळून वसूल झाले ३,१०,०००. परत आलेला माल ६,५००, सोडलेली कसर ३,५००, बुडीत म्हणून काढून टाकलेले ८,०००. काजूच्या बियांपोटी वळते केलेले ४२,०००. वर्षअखेर येणे राहिले ९७,०००. शिवाय एका गिऱ्हाइकाचा ५,००० चा चेक न वटता परत आला. वसुलीत तो आधीच धरलेला होता, म्हणून येणे पुन्हा तेवढ्याने वाढले आणि ही रक्कम नावे बाजूला गेली.

जमा बाजूची बेरीज, वर्षअखेरचे येणे धरून, होते ४,६७,०००. त्यातून सुरुवातीचे ८४,००० आणि परतलेल्या चेकचे ५,००० वजा कर. उरतात ३,७८,०००, ही वर्षाची उधार विक्री. शाबूत पानांवरची दहा महिन्यांची बेरीज २,९६,००० असेल, तर वाळवीच्या पोटात गेले ८२,०००.

रोखीची विक्री या पानावर कधी आणू नकोस. बुडीत होईल या भीतीने बाजूला काढलेली तरतूदही नको. त्याने कोणा गिऱ्हाइकाचे येणे बदलत नाही.

आता ती फसवी जागा. मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत लोक बिया घेऊन येतात. काटा होतो, भाव ठरतो, आणि निम्मे लोक म्हणतात, ‘माझ्या उधारीत वळती कर.’ पैसा हातातून हातात जातच नाही. त्यामुळे रोजमेळात एक अक्षर उमटत नाही, बँकेच्या उताऱ्यात काही दिसत नाही. नोंद राहते ती काट्याच्या वहीत आणि त्या माणसाच्या खात्यावर. एकूण खाते मांडणारा रोजमेळ पुढ्यात घेऊन बसतो आणि ४२,००० पूर्ण विसरतो.

विसरल्यावर काय होते पाहा. उधार विक्री ३,७८,००० ऐवजी ३,३६,००० निघते. हरवलेल्या दोन महिन्यांना येतात ४०,०००, म्हणजे महिन्याला २०,०००. बाकीच्या दहा महिन्यांची सरासरी २९,६०० आहे. चवथ ऑगस्ट-सप्टेंबरात येते. त्या दिवसांत घरोघरी गूळ, तेल, रवा, माटोळीचे सामान, फटाके जातात, आणि त्याच दिवसांची विक्री बाकीच्या महिन्यांपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी? हे आपल्या गावात घडणार नाही. वळती धरल्यावर महिन्याला ४१,००० येतात, तो आकडा पटतो. म्हणून काढलेल्या आकड्याला आधी गावाच्या वर्षाशी ताडून बघ.

यावर तू म्हणशील, देणेकऱ्यांच्या बाजूने पडताळा घेऊ. जरूर घे, पण तिथेही हीच वळती बसलेली आहे. बिया देणारा माणूस आपला देणेकरी असतो, आणि म्हापशाचा घाऊक व्यापारीही देणेकरीच. त्या सगळ्यांचे एकूण खाते असेच मांड, फक्त बाजू उलट. सुरुवातीचे देणे ६२,०००. वर्षात चुकते केले ३,३८,०००, परत पाठवलेला माल ९,०००, मिळालेली सूट ४,०००, वळती ४२,०००, अखेरचे देणे ७१,०००. यातून उधार खरेदी निघते ४,०२,०००. काट्याच्या वहीप्रमाणे बिया १,०२,००० च्या असल्या तर किराणा ३,००,००० चा. परतीचा माल काढला की २,९१,०००. त्यात रोखीने आणलेला १,८९,००० चा माल मिळव, ४,८०,००० होतात. सुरुवातीचा आणि अखेरचा माल सारखाच आहे असे धरू, म्हणजे विकलेल्या मालाची किंमतही तेवढीच.

खरेदीवर सरासरी आठवा हिस्सा नफा पडत असेल तर एकूण विक्री ५,४०,००० व्हायला हवी. रोखीची १,६८,००० वजा केली की उधारीची निव्वळ विक्री ३,७२,०००. येणेकऱ्यांच्या बाजूने निघालेल्या ३,७८,००० मधून परतीचे ६,५०० काढले तर ३,७१,५००. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे पाचशे रुपयांच्या फरकाने भेटले. नफ्याचा दर अंदाजाचा आहे, तेवढा फरक मान्य करावा.

पण वळती दोन्ही खात्यांत विसरलास तर? येणेकऱ्यांकडून निव्वळ विक्री येते ३,२९,५००. देणेकऱ्यांकडे खरेदी ४२,००० ने घटते, आणि नफ्याचा हिस्सा लावून उधार विक्री येते ३,२४,७५०. फरक पाच हजारांच्या आतला. वरवर बघणारा म्हणेल, ‘ठीक आहे, जवळपास जुळते.’ दोन्ही आकडे चाळीस हजारांहून जास्त खोटे, आणि तरी एकमेकांना साक्ष देतात. म्हणून मी हट्टाने सांगतो, दोन खाती जुळली एवढ्यावर भरवसा ठेवू नकोस. काट्याची वही आधी उघड, बियांच्या प्रत्येक नोंदीसमोर ‘रोख दिले’ की ‘वळते केले’ ते लिही, आणि वळत्यांची बेरीज दोन्ही पानांवर एकाच आकड्याने उतरव.

यूपीआयचेही असेच एक आहे. फळीवरच्या चौकोनी चिन्हावर रोखीचे गिऱ्हाईकही पैसे भरते आणि उधारी फेडणारेही. बँकेतली सगळी जमा वसुली म्हणून धरलीस तर उधार विक्री तेवढ्याने फुगते आणि रोखीची तेवढीच घटते. एकूण विक्री बदलत नाही, म्हणून चूक दिसत नाही. ती पकडायची तर वैयक्तिक खात्यांवर जमा झालेली वसुली वेगळी बेरजेला घे आणि रोजमेळातल्या वसुलीच्या रकान्याशी ताड.

याच ताडण्याला पक्के रूप दिले की स्वयंसंतुलित खातेवही होते. खतावण्या तीन ठेव: येणेकऱ्यांची, देणेकऱ्यांची आणि मुख्य. येणेकऱ्यांच्या खतावणीत सगळ्या गिऱ्हाइकांनंतर शेवटी एक पान मुख्य खतावणीच्या नावाचे. महिन्याची एकूण उधार विक्री, वसुली, परती, वळती त्या पानावर उलट्या बाजूला घालायची. गिऱ्हाइकांच्या शिलका मिळून ९७,००० नावे, तर या पानावर ९७,००० जमा. त्या खतावणीची तेरीज तिच्यातच मिटते. मुख्य खतावणीत येणेकऱ्यांचे समायोजन खाते ९७,००० नावे दाखवते. देणेकऱ्यांच्या खतावणीला हीच रचना, बाजू उलट. फरक पडला तर तो कोणत्या खतावणीत आहे ते लगेच कळते, तिन्ही चाळाव्या लागत नाहीत. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाली का ते आधी बघ, ५,४१० चे ४,५१० झाले की फरक ९०० पडतो. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद कुठे सापडली, तर ती चुकीच्या बाजूला पडली असेल.

या पडताळ्याचा अर्थ या वर्षी मात्र मर्यादित आहे. उधार विक्रीचा आकडा तू ९७,००० वरूनच काढलास, मग तो ९७,००० शी जुळणारच. ती जुळणी पुरावा नव्हे. खरा पडताळा पाने असलेल्या महिन्यांत होतो. एकतीस जुलैची प्रत्येकाची शिल्लक त्याच्या खात्यावरून काढ आणि एप्रिल ते जुलैचे एकूण खाते तिच्याशी जुळव. मग तीस सप्टेंबरच्या शिलकीपासून मार्चअखेरपर्यंत तसेच कर. ही दोन टोके जुळली की तूट मधल्या दोन महिन्यांतच आहे हे नक्की होते.

एक गोष्ट कोणतीच तेरीज सांगत नाही. एकाच आडनावाच्या दोन घरांपैकी एकाचा माल दुसऱ्याच्या खात्यावर पडला तर बेरीज तशीच राहते. आणि जो माल ना वहीत लिहिला, ना गिऱ्हाइकाच्या खात्यावर, तो कुठेच दिसत नाही. त्यासाठी गिऱ्हाइकाकडची छोटी वहीच लागते. हणखणेची, दोडामार्गची माणसे आपल्याकडून माल नेतात, त्यांच्याही वह्या मागव. वहीवरची शिल्लक आणि आपली शिल्लक समोरासमोर ठेवून दोघांनी मान्य करायची.

आणि मान्य झाली की खाली सही आणि तारीख घे. उधारीचे दिवस ठरलेले नसतील तर दिलेल्या मालाचे पैसे कोर्टातून मागायची मुदत १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे माल दिल्यापासून तीन वर्षांची असते. ती संपण्यापूर्वी गिऱ्हाइकाने सहीनिशी लेखी कबुली दिली तर मुदत त्या तारखेपासून नव्याने सुरू होते. नुसत्या आपल्या वहीतल्या नोंदीवर कोणाकडे येणे आहे असे ठरवता येत नाही. तेव्हा येत्या एकतीस मार्चला सगळ्यांच्या सह्या घे, आणि त्यातही बिया वळत्या केलेल्यांच्या आधी.