सरासरीत न दिसणारी तूट

प्रश्न: बेअरिंगची विक्री दररोज सरासरी २० नग, माल पोहोचण्यास सरासरी ७ दिवस. १४० मध्ये ३० ची भर घालून साठा १७० वर येताच मी मागणी नोंदवितो. तरी माल वारंवार का संपतो?

उत्तर: आपल्या दप्तरातील नोंदींप्रमाणे माल कधी ४, तर कधी १० दिवसांनी पोहोचतो, आणि दैनिक विक्रीचे प्रमाण विचलन ६ आहे, तेव्हा सरासरीवर विसंबण्याऐवजी स्प्रेडशीटमध्ये E1 या घरात 170 लिहून पुढील सूत्रे ५,००० ओळींत उतरवावीत, म्हणजे प्रत्येक ओळ ही एका मागणीची काल्पनिक हकिकत होईल.

```
A2: =RANDBETWEEN(4,10)
B2: =NORM.INV(RAND(),20*A2,6*SQRT(A2))
C2: =IF(B2>$E$1,1,0)
```

दुसऱ्या सूत्रातील वर्गमूळ गाळून एकाच दिवसाच्या यदृच्छ विक्रीला दिवसांनी गुणण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु त्याने चढउतार अवास्तव फुगतो, कारण प्रत्यक्षात मंद दिवसाची भरपाई तेज दिवस करीत असतो.

C स्तंभाची सरासरी सुमारे ०.२८ येईल, म्हणजे शंभरांपैकी अठ्ठावीस खेपांत तूट. आणि ती बहुतेक ८ ते १० दिवसांच्या ओळींतच आढळेल. विलंब नेमका ७ दिवसांचा असता, तर हेच १७० शंभरांत तीनच वेळा अपुरे पडले असते. E1 मध्ये २१० घातल्यास तूट सुमारे पाच टक्क्यांवर येते. मात्र १७० व २१० यांची तुलना करण्यापूर्वी A व B स्तंभ केवळ मूल्यरूपाने चिकटवून गोठवावेत. नाहीतर प्रत्येक बदलासरशी आकडे नव्याने पडतात. हा तक्ता एका वेळी एकच मागणी वाटेत आहे असे गृहीत धरतो, हेही ध्यानात असावे.