माळ ओढता ओढता

आमच्या घरात जप होता, म्हणून मीही करू लागले. पण एकच नाम हजारदा का घ्यायचं, देवाला एकदा हाक मारली तर ऐकू येत नाही का, हा प्रश्न मनातून जात नव्हता. जप करता करता, आणि दुसऱ्यांची जपमाळ जवळून पाहता पाहता जे उमगलं, ते इथे मांडते.

१. मोजायचं काम बोटांना द्यावं.

माझ्या आजीने मला आधी माळ धरायला शिकवली, मंत्र नंतर दिला. माळ मधल्या बोटावर ठेवायची, अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लावायची नाही. हात गोमुखीत. मेरुमण्यापाशी आलं की तो ओलांडायचा नाही, तिथूनच माळ उलटी फिरवायची. हे सगळं सोवळं-ओवळं आहे असं मला तेव्हा वाटायचं. पण डोळे मिटलेले असताना मेरुमणी बोटाला लागला की माळ संपली हे डोक्याला कळवावं लागत नाही. मोजणी हाताकडे गेली की मन नामासाठी मोकळं राहतं.

माळेत मणी १०८, पण हिशेबात ती शंभरचीच धरतात. वरचे आठ मन भरकटलं, उच्चार चुकला त्या जपासाठी सोडून द्यायचे. तिबेटी बौद्धही असंच मोजतात. जैनांकडे याच १०८ चा अर्थ वेगळा आहे: अरिहंतांचे १२ गुण, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५ आणि साधूंचे २७. त्यामुळे नवकार मंत्राची माळ ओढताना एकेका मण्यावर एकेका गुणाचं स्मरण होतं. मुसलमानांच्या तसबीहला ९९ किंवा ३३ मणी असतात. नमाजानंतर अल्लाहच्या स्तुतीची तीन छोटी वचनं ३३-३३ वेळा म्हणण्याची रीत आहे.

२. आवाज आत आत जावा, पण घाई नको.

आपल्याकडे जपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. शेजारच्याला ऐकू जाईल तो वाचिक, ओठ हलतात पण आवाज फुटत नाही तो उपांशु, आणि जीभही हलत नाही तो मानसिक. मनुस्मृतीने यांची प्रतही लावली आहे: विधियज्ञापेक्षा जप दहापट, उपांशु शंभरपट, मानसिक हजारपट. हे वाचून बरेच जण पहिल्या दिवसापासून मानसिक जपच धरतात, आणि तिथेच फसतात. मनातल्या मनात जप चालू आहे असं वाटत असतं, आणि प्रत्यक्षात संध्याकाळच्या भाजीचा विचार चाललेला असतो किंवा मान खाली गेलेली असते. ओळखायची खूण सोपी आहे: माळ पुढे सरकते, पण शेवटचं नाम कधी घेतलं ते आठवत नाही. अशा वेळी खुशाल ओठ हलवावेत. तरीही झोप येत असेल तर मोठ्याने म्हणावं. सूफींमध्येही हे दोन्ही मार्ग आहेत. मोठ्याने केलेला जिक्र आणि मनातला जिक्र. नक्शबंदी सिलसिला मनातल्या जिक्रावर भर देतो.

३. मन शांत होतं त्यात श्वासाचा वाटा मोठा आहे.

वसईत आमच्या शेजारी ऑक्टोबरभर रोज संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना होते. एक जण ‘नमो मरिये’चा पहिला भाग म्हणतो, बाकीचे दुसरा भाग म्हणून पूर्ण करतात. अशा दहा प्रार्थनांचा एक गट, असे पाच गट. मी मागच्या खुर्चीत बसून ऐकायचे तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पुढचा माणूस म्हणत असताना बाकीचे सावकाश श्वास घेतात आणि आपला भाग म्हणताना तो सोडतात.

२००१ साली इटलीतल्या संशोधकांनी नेमकं हेच मोजलं. २३ निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधली ही प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हूँ’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी तो याच्या दुपटीहून जास्त असतो. या गतीला हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांच्यातली लय जुळून येते. धर्म निराळे, भाषा निराळी, पण दोन्हीकडे एक आवर्तन साधारण दहा सेकंदांचं.

म्हणून माळा भराभर उरकल्या की संख्या भरते आणि जीव दमतो. मात्र या प्रयोगाने जपाचं सगळं गूढ उकललं असं मी म्हणणार नाही. अंगाला स्वस्थता का येते, एवढंच तो सांगतो. मुक्ती, कृपा, पापक्षालन याबद्दल त्यातून काहीच ठरत नाही.

४. मोठी संख्या धरण्याआधी तिचा हिशेब मांडावा.

पुरश्चरणाचा नियम असा: मंत्राची जितकी अक्षरं तितके लाख जप. गायत्रीची २४ अक्षरं, म्हणजे २४ लाख. त्याचा दशांश हवन, म्हणजे २ लाख ४० हजार आहुती. त्याचा दशांश तर्पण २४ हजार, मार्जन २,४०० आणि ब्राह्मणभोजन २४०. रोज दहा माळा, म्हणजे हिशेबाने हजार जप केला तर नुसत्या जपालाच २,४०० दिवस, साडेसहा वर्षांहून अधिक. एका गायत्रीला आठ-नऊ सेकंद धरले तर प्रत्यक्षातल्या १,०८० जपांची रोजची बैठक अडीच-पावणेतीन तासांची होते. एवढ्या वर्षांत आजारपण येतं, सुतक येतं, प्रवास येतो. इतकं असूनही एक आसन, एक वेळ, एक मंत्र धरून ठेवणं हीच यातली खरी तपश्चर्या. समर्थांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षांत त्रयोदशाक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप केला असं परंपरा सांगते. तो आकडा ऐकून आपण हात जोडतो. त्यामागची बारा वर्षांची एकच दिनचर्या मात्र आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

५. संख्या म्हणजे कमाई नव्हे, असंही मानणारे आहेत.

हे मला जपानी बौद्धांबद्दल वाचताना कळलं, आणि माझ्या जुन्या प्रश्नाला सर्वांत जवळचं उत्तर तिथेच मिळालं. होनेन (११३३–१२१२) अमिताभ बुद्धाचं नाम दिवसाला साठ हजार वेळा घेत, असं सांगतात. शिनरान हा त्यांचाच शिष्य. १२०७ साली राजाज्ञेने दोघांनाही हद्दपारी झाली. गुरूवर त्याची अढळ निष्ठा होती, पण त्याने सांगितलं ते असं: तारून नेणं हे बुद्धाचं काम, ते आपल्या जपाने विकत घेता येत नाही, विश्वास बसला त्या क्षणी ते झालं, त्यानंतर मुखात येणारं प्रत्येक नाम ही कृतज्ञता.

मग पुन्हापुन्हा का घ्यायचं? कारण आभार एकदा मानून संपत नाहीत. हाक ऐकू जावी म्हणून हजारदा मारायची नसते, हे मला इथे पटलं. तरीही माळ सोडावी असं वाटलं नाही. शिनरानचा विश्वास ज्याला पहिल्याच दिवशी लाभला त्याला मोजणी नको असेल. माझ्यासारखीला रोज आसनावर नेऊन बसवायला ठरलेला आकडाच लागतो.

सुरुवात करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: आपल्या घरात चालत आलेलं नाम घ्या, रोज ठरल्या वेळी एकच माळ, ओठ हलवत करा. पुरश्चरणाचा संकल्प मात्र ज्याने ते स्वतः पूर्ण केलं आहे अशा माणसाला विचारल्याशिवाय सोडू नका.